तबकावरचं दुसरं वर्तुळ

वकीलसाहेबांचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसत होते. डबा उघडलेला, पहिला घास हातात.

"तुमच्या भाच्यानं माझा हुक्का बदलला," ते म्हणाले. "खरा विकून त्याच्या जागी दुसराच आणून ठेवला. चार वाजता पोलीस ठाण्यातून माणूस येऊन राहिला आहे. त्याच्याआधी येऊन बघून घ्या. मागून म्हणाल, सांगितलं नाही."

मी काही विचारायच्या आत फोन ठेवलाही. कृष्णकांत वकिलांची ती जुनी सवय. कोर्टात समोरच्याला बोलू न देण्याचे पैसे मिळायचे, घरी ते फुकटात करतात. एरवी मी हसले असते. त्या दिवशी घास तसाच डब्यात ठेवला आणि शटर ओढलं. दीड वाजला होता.

नागपूरच्या महाल भागात आमचं जुन्या भांड्यांचं दुकान आहे. ते माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, थाटलं. जागेश्वर पराते म्हणजे उमरेडचे विणकर. माग बंद पडला तसे ते गावोगाव फिरून जुनी तांब्यापितळेची भांडी घेऊ लागले आणि बघता बघता त्या धंद्यात त्यांचं नाव झालं. नवऱ्याला भांड्यांचा कंटाळा, म्हणून दुकान माझ्या हातात आलं. मला त्यातलं सगळ्यात जास्त कळतं ते बिदरीचं. जस्तात थोडं तांबं मिसळून वस्तू ओतायची, तिच्यावर नक्षी खोदून चांदीची तार आणि पत्रा ठोकून बसवायचा, आणि शेवटी बिदरच्या किल्ल्यातली माती व नवसागर यांचा लेप गरम भांड्यावर चोळायचा. धातू काळाभोर होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. हे झालं करण्याचं. ती वस्तू किती जुनी ते ओळखणं हे वेगळं काम आहे, आणि त्यासाठी नागपुरात चार लोक माझ्याकडे येतात.

वकीलसाहेबांकडे चेतनला मीच लावलं होतं. माझ्या भावाचा मुलगा, एकोणतीस वर्षांचा, लग्न झालेला. उमरेडला एका गोदामात राबत होता. वकीलसाहेबांना त्यांच्या जुन्या वस्तू सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा होता. मी म्हटलं, माह्या भाच्याले घ्या, त्याची हमी माही. तीन वर्षं झाली त्याला.

सक्करदऱ्याकडे स्कूटर हाकताना ती हमीच डोक्यात घुमत होती. खोटं कशाला बोलू, मला चेतनचा भरवसा वाटला नाही. गेल्या महिन्यात त्यानं घर घ्यायचं म्हणून माझ्याजवळ विषय काढला होता. मागच्या आठवड्यात दुकानात येऊन उगाचच घुटमळून गेला होता. मी हे दोन धागे जोडत गेले आणि सक्करदऱ्याच्या तलावापाशी पोचेपर्यंत माझ्या मनात तो चोर ठरलासुद्धा. भावाला काय सांगू, हा एकच प्रश्न.

वकीलसाहेबांच्या बंगल्यात पुढच्या खोलीत मोठं टेबल होतं. त्यावर पांढरी चादर, चादरीवर बिदरीचं गोल तबक आणि शेजारी हुक्क्याचं भांडं. भांडं म्हणजे पाणी भरायचा खालचा भाग, घंटेच्या आकाराचा, वरती निमुळती मान. चेतन भिंतीला टेकून उभा होता. मला बघून तो एक पाऊल पुढे आला आणि वकीलसाहेबांनी नुसतं बघितलं तसा पुन्हा भिंतीला टेकला.

"बघा," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्हीच बघा. हे माझं आहे?"

मी बघितलं. भांडं कोरं करकरीत होतं. जुन्या बिदरीचं काळं एकसारखं नसतं. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हात लागला तिथे ते करडं, तपकिरी होतं, नक्षीच्या खोबणीत दाट राहतं, आणि चांदीसुद्धा जराशी मळकट, उबदार दिसते. हे भांडं वरपासून खालपर्यंत कोळशासारखं काळं आणि त्यावर चांदीची फुलं लखलखत होती. बिदरच्या दुकानात कालच घेतल्यासारखं.

"मी आठ दिवस पुण्याला मुलीकडे होतो," वकीलसाहेब सांगत होते. "काल आलो. कपाट उघडलं तर हे! शनिवारी संग्रहालयाचे लोक ही जोडी बघायला येणार आहेत. एकतीस वर्षं मी ही सांभाळली. कोरड्या मलमलीशिवाय तिला काही लागू दिलं नाही."

"तुमच्यापाशी फोटो असन ना जुना?"

"फोटो काढला की चोराला पत्ता लागतो. मी फोटो काढू देत नाही कोणाला." मग जरा नरमून म्हणाले, "मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये हुक्का मागे दिसतो एका ठिकाणी. नखाएवढा."

धन्य! एवढा हुशार माणूस, आणि स्वतःच्याच वस्तूचा पुरावा ठेवला नाही. पण हे त्यांना ऐकवायची ती वेळ नव्हती. मी चेतनकडे वळले.

"बोल गा. काय केलं तू?"

"आत्या, भांडं तेच हाय," तो म्हणाला. "साहेब जाताना म्हणाले होते, चांदी दिसतच नाही नीट, पाहुणे काय बघतीन. म्हणून मी चिंचेच्या पाण्यानं धुतलं. घरी पितळ धुतो तसं."

मी कपाळावर हात मारला. जस्ताला आंबट! याहून मोठा घात नाही. चिंच चांदीचा मळ तर काढते, पण धातूचं काळंही खाते.

"मग?"

"मग सगळं पांढरट पडलं. कोड आल्यासारखं. माही तर पाचावर धारण बसली. तुह्या दुकानात बिदरची माती असते ते मले माहीत होतं. मागच्या आठवड्यात तू गिऱ्हाइकाशी बोलत होती, तेव्हा डब्यातली मूठभर उचलली. नवसागर बाहेरून घेतला. भांडं गरम करून लेप चोळला. एकदम काळंभोर झालं. वरून खोबरेल तेल लावलं. मले वाटलं, वाचलो."

"आणि हे मला खरं वाटेल?" वकीलसाहेब म्हणाले. "दोनशे वर्षांचा हुक्का मूठभर मातीनं नवा होतो?"

होतो. हेच तर आहे. माती फक्त वरचं काळं नवं करते, पण बघणाऱ्याची नजर आधी काळ्यावरच जाते. दुकानात घुटमळण्याचं कारण आता कळलं. मला थोडं हलकं वाटलं आणि त्याच क्षणी लाजही वाटली. पण चेतनची गोष्ट खरी असू शकते एवढंच त्यातून निघत होतं. खरी आहे, हे मला अजून दाखवायचं होतं, आणि तेही अशा माणसाला की जो म्हणणार, आत्या आहेस, भाच्याचंच ओढणार.

मी भिंग काढलं, भांडं हातात घेतलं.

"वकीलसाहेब, इकडं या. तुमच्या डोळ्यानं पाहा. माह्यावर जाऊ नका."

ते आले. मी त्यांच्या हातात भिंग दिलं.

"काळं नवं हाय, कबूल. आता काळं सोडा, चांदी पाहा. हे खसखशीचं फूल. प्रत्येक पाकळीवर कारागिरानं बारीक शिरा कोरलेल्या असतात. बुडाजवळच्या फुलावर दिसून राहिल्या ना?"

"दिसतात."

"आता हे खांद्यावरचं फूल. शिरा कुठं हायत? नाहीत. गुळगुळीत झालं. पलीकडच्या बाजूला फिरवा. तिकडं अर्ध्या शिरा शिल्लक. म्हणजे उचलणाऱ्याचा हात नेहमी याच बाजूनं पडे. काळं परत चढवता येते साहेब, घासलेली चांदी परत येत नाही. अन् मानेजवळ हे पाहा, तार गेलेली हाय, नुसती खाच राहिली. माती चोळल्यानं खाचही काळी झाली म्हणून एकदम नजरेत येत नाही."

मी मोबाइलचा दिवा मानेतून आत टाकला. आत कोणी लेप चोळत नाही, हात जातच नाही. आत जस्तावर आलेला पांढरा थर होता, आणि पाणी जिथवर भरत त्या उंचीवर तंबाखूच्या धुराची पिवळसर-तपकिरी रेघ.

"हे काल-परवाचं भांडं नाही. दीडशे वर्षांच्या खाली तर मी सांगतच नाही."

वकीलसाहेबांनी आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, जमलं.

"ठीक," ते म्हणाले. "जुनं आहे. मान्य. पण जुनं आहे म्हणजे माझं आहे असं कुठे ठरतं? मानेजवळची तार सगळ्याच जुन्या हुक्क्यांची जाते, हे तुम्हीच मला सांगितलं होतं एकदा. एखादं पडीक, कमी प्रतीचं जुनं भांडं आणायचं, माती चोळून चकचकीत करायचं आणि माझं उचलायचं. याला काय अडचण?"

"अशी लबाडी करायले डोकं लागते साहेब. चेतनपाशी ते असतं तर चिंच लावली असती काय त्यानं?"

ते हसले नाहीत. त्यांनी तबक माझ्यासमोर सरकवलं.

"हे बघा. मी असंच नाही बोलत. माझ्याकडे पुरावा आहे."

तबकाच्या मधोमध एक वर्तुळ होतं. बोटभर रुंद, करडं. त्या पट्ट्यात चांदीची वेल झिजून तारेचा नुसता भास उरला होता. काही ठिकाणी तार जाऊन खाचेत वर्षानुवर्षांचा मळ घट्ट बसला होता. हुक्का तबकावर ठेवून पिढ्यान्‌पिढ्या फिरवला, सरकवला की त्याच्या बुडाच्या कडेनं असं वर्तुळ पडतं. वकीलसाहेबांनी भांडं उचलून तबकावर ठेवलं. बूड वर्तुळाच्या आत बसलं. चारी बाजूंनी अर्धा अर्धा इंच वर्तुळ बाहेर डोकावत राहिलं.

"दोनशे वर्षं जो हुक्का या तबकावर होता, तो यापेक्षा मोठा होता," वकीलसाहेब म्हणाले. "चोरानं सगळं केलं, माप घ्यायला विसरला. आता बोला."

मला त्या वर्तुळाकडे बघवेना.

"हे वर्तुळ तुम्ही आधी कधी पाहिलं होतं?" मी कसंबसं विचारलं.

"खोटं बोलणार नाही. इतकं स्पष्ट नव्हतं दिसत. मधला भाग सगळा काळाच दिसायचा. म्हणजे हुक्का बरोबर त्याच्यावर बसत होता म्हणून झाकलं जात होतं."

"आत्या, तबकाले मी चिंच नाही लावली," चेतन घाईघाईनं म्हणाला. भांडं बिघडल्यावर शहाणपण आलं होतं बिचाऱ्याला. "नुसतं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं. किती मळ निघाला म्हणून सांगू! बोळेच्या बोळे काळे. चिकट, मेणासारखा."

खुर्ची ओढून मी बसले.

तो मळ नव्हता. ते मेण होतं, आणि मेणातली काजळी होती, आणि ती या हातांनी भरलेली होती.

लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हा. मामंजींकडे एक तबक होतं, सुंदर, पण एकटं. आणि दुसऱ्याच घरातून आलेला एक हुक्का होता, तोही सुंदर, पण एकटा. दोन्हींवर खसखशीची फुलं होती. कृष्णकांत वकील नवेनवे या नादाला लागलेले, त्यांना जोडी हवी होती. मामंजींनी हुक्का तबकावर ठेवला, वर्तुळ बाहेर दिसलं. ते मला म्हणाले, "पोरी, तुहा हात हलका हाय. एवढं जरा नजरेआड कर." मी तबक चुलीवर धरून कोमट केलं, मेणात काजळी कालवली, आणि मलमलीच्या बोळ्यानं ते वर्तुळ भरत गेले. इतकं बेमालूम झालं की मामंजी म्हणाले, आता मलेच सापडत नाही. मला त्या शाबासकीचं केवढं कौतुक वाटलं होतं! मामंजी कधी कोणाला चांगलं म्हणत नसत.

मामंजींनी पुढे तसं पुन्हा काही केलं नाही, निदान माझ्या हातून नाही. मीही कधी केलं नाही. दुकानाचं नाव झालं ते खरेपणावर. नवशिक्यांना मीच तावातावानं सांगते, वस्तूशी खोटं करू नका, ती बोलून दाखवते. म्हणे!

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून गेले होते.

मी एक पळवाट काढून पाहिली. "तबक मधल्या काळात दुसऱ्या कशासाठी वापरलं असन. एखादं मोठं भांडं ठेवत असतीन त्याच्यावर."

वकीलसाहेब उठले, कपाटातून एक फाइल काढली, आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातला एक कागद माझ्यासमोर धरला. मामंजींचं अक्षर. दुकानाचा शिक्का. 'हुक्का व तबक, जोडी, एकाच घरची, पहिल्यापासून सोबत.' खाली सही.

"जागेश्वरजींनी लिहून दिलेलं," ते म्हणाले. "तुमच्या सासऱ्यांचा शब्द मानायचा की तुमचा? त्या माणसानं मला आयुष्यात एक खोटी वस्तू दिली नाही. शनिवारी संग्रहालयाच्या लोकांना हाच कागद दाखवणार आहे मी. जोडी आहे म्हणून तर ते येऊन राहिले."

चेतन माझ्याकडे बघत होता. त्याला वाटत होतं, आत्याला आता काहीतरी सापडेल. लहानपणी उमरेडला सायकलची साखळी निघाली की असाच बघायचा.

गप्प राहिले तर काय होईल ते मला स्वच्छ दिसत होतं. चार वाजता माणूस येईल. चेतनला घेऊन जातील. पुढे कधीतरी तो सुटेलही, पण उमरेडात आणि महालात तो हुक्काचोर म्हणूनच राहील. आणि बोलले तर मामंजी खोटे, मी खोटी, दुकान खोटं. आजवर मी ज्या ज्या वस्तूवर 'जुनी आहे' म्हटलं, त्या प्रत्येकीकडे लोक संशयानं बघतील. वाटलं, चार वाजूच नयेत, किंवा मग वाजूनच जावेत.

"पाणी देता का?" मी म्हटलं.

चेतननंच आणून दिलं. देता देता अर्धा पेला माझ्या पदरावर सांडला. "चुकलं आत्या, चुकलं," तो म्हणाला, पाण्याबद्दल.

मी पेला खाली ठेवला.

"साहेब, खिडकीचा पडदा ओढा. अन् तुमच्या मोबाइलचा दिवा लावा."

"आता कशाला?"

"लावा म्हणते ना!" आवाज चढलाच माझा. त्यांनी लावला.

मी भांडं उचलून बाजूला ठेवलं आणि दिवा तबकाच्या कडेला आडवा, जवळजवळ टेकवून धरायला सांगितला. असा आडवा उजेड पडला की सपाट दिसणारा ओरखडाही सावली टाकतो.

"मोठं वर्तुळ सोडा. त्याच्या आत पाहा. अर्धा इंच आत."

"काही नाही तिथे."

"खाली वाका."

ते वाकले. मग आणखी वाकले. "ओरखडे आहेत. गोल गोल. बारीक."

"हेही वर्तुळच हाय. दुसरं. या भांड्याच्या बुडाचं. ठेवून पाहा, बरोब्बर बसते. अन् त्यात एक रेघ बाकीच्यांहून खोल दिसते?"

"आहे."

मी भांडं उलटं केलं आणि त्यांचं बोट धरून बुडाच्या कडेवर फिरवलं. एका जागी ओतकामातला बारीक कंगोरा राहिलेला होता, तांदळाच्या कण्यापेक्षा लहान. त्यांच्या बोटाला तो लागला.

"हा कंगोरा ती रेघ ओढतो. कडेपासून जेवढा आत कंगोरा, तेवढीच आत रेघ. मोजून घ्या."

त्यांनी पट्टी आणली, मोजलं, पुन्हा मोजलं. वकीलच तो. "मग? हे ओरखडे चेतननं या आठ दिवसांत पाडले असतील. बदलीचं भांडं ठेवून चारदा फिरवलं की झालं."

"असं?" मी भांडं तबकावर ठेवलं आणि थोडं दाबून पाव वेढा फिरवलं. कुरकुर झाली. वकीलसाहेब कळवळले, पण मी थांबले नाही. उचललं. "आता पाहा. आजचा ओरखडा कसा दिसते?"

एक नवी रेघ उमटली होती, जस्ताची पांढरी, चकाकणारी. तिच्या शेजारचे बाकीचे ओरखडे मंद, करडे होते. कळायला भिंग लागत नव्हतं.

"बिदरीवरचा ताजा ओरखडा असा चमकते. मंद व्हायला वर्षं लागतात. म्हणजे हे आठ दिवसांचे नाहीत. पण फार जुनेही नाहीत. मोठ्या वर्तुळात पाहा, चांदीची तार झिजून पातळ झाली, कडा गोल झाल्या, खाचेत मळ बसला. त्याले शंभर वर्षं लागली असतीन. आतल्या वर्तुळात चांदीवर नुसते ओरखडे हायत, चांदी जागची झिजली नाही. वीस, तीस वर्षांचं काम. दर रविवारी कोण हे भांडं कपाटातून काढून पाहुण्यांना फिरवून दाखवते?"

"मी," वकीलसाहेब म्हणाले. अगदी हळू.

"मग हा तुमचाच हुक्का. एकतीस वर्षं तुमच्या तबकावर तुम्हीच फिरवलेला. चेतननं काही बदललं नाही. त्यानं मूर्खपणा केला, चोरी नाही केली."

वकीलसाहेबांनी दिवा विझवला. पडदा सारायचं त्यांना सुचलं नाही. अर्धवट अंधारात ते उभेच राहिले, आणि माणूस हुशार, त्यामुळे दुसरा प्रश्न त्यांना यायचाच होता. मी त्याचीच वाट बघत बसले होते.

"आणि मोठं वर्तुळ?"

"ते दुसऱ्या हुक्क्याचं."

"म्हणजे ही जोडी नाही."

"नाही."

"मला एकतीस वर्षं ते दिसलं कसं नाही?"

"मी झाकलं होतं म्हणून. मेण अन् काजळी. मामंजींनी सांगितलं, पण हात माहा होता. चेतननं स्पिरिटनं पुसलं तेव्हा ते निघालं." मला रडू आलं नाही. रागच आला, स्वतःचा. "साहेब, मी लाजेनं मरून राहिली. पण हे खरं हाय."

चेतन तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत होता. त्याच्याकडे बघायची माझी छाती झाली नाही.

वकीलसाहेबांनी फोन उचलला. ठाण्यात कोणाशी तरी बोलले, गैरसमज झाला होता, येऊ नका, वस्तू घरातच आहे. फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि मामंजींचा कागद पाकिटातून काढून समोर ठेवला. फाडतील असं वाटलं. फाडला नाही.

"शनिवारी त्या लोकांना काय सांगू मी?" ते म्हणाले. ते मला विचारत नव्हते. मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली, आणि ती बघून मला अधिकच भीती वाटली. "या तबकाचा खरा हुक्का? जागेश्वरजींकडे आला होता का तो? कुठे गेला?"

मी नाही म्हणू शकले असते. तेवढं सोपं खोटं कोणालाही कधी सापडलं नसतं.

"आला होता. तबकासोबतच आला होता," मी म्हटलं. "त्याच्या पोटाला मोठी चीर होती. बिदरी पडली की फुटते, जस्तच ते. चांदी निम्मी झिजलेली, काळं उडालेलं. असा कोण घेईल, म्हणाले मामंजी. मग आम्ही त्याची चांदी उपटली अन् बाकीचं मोडीत दिलं."

"आम्ही?"

"मी उपटली."

वकीलसाहेबांनी हात पुढे केला आणि अंगठा त्या मोठ्या वर्तुळावरून फिरवला, एकदा सावकाश पूर्ण गोल. मग पुन्हा फिरवला. ते माझ्यावर ओरडले असते तर मला सोसलं असतं.

"चेतन," शेवटी ते म्हणाले, "आत्याबाईंना फाटकापर्यंत सोडून ये. आणि लगेच परत ये. कपाट आवरायचं आहे."

मी चपला घातल्या. चेतनची नोकरी राहिली होती, तो उद्याही इथे येणार होता. फाटकाशी मी स्कूटर काढेपर्यंत तो हात बांधून उभा राहिला. निघताना नेहमीसारखा पाया पडायला वाकला, अर्ध्यावर थांबला, आणि मग सरळ होऊन म्हणाला, "सांभाळून जा आत्या."